लग्नाच्या फुटेजचा गुंता एका रात्रीत सोडवताना

प्रश्न: दोन कॅमेरे, ड्रोन आणि पाहुण्यांचे मोबाईल, सगळं फुटेज एकाच फोल्डरमध्ये आलंय. नावं सारखी, तारखा चुकीच्या, हळदीच्या क्लिपांमध्ये सप्तपदी घुसलेली. उद्या संध्याकाळी रिसेप्शनला पंधरा मिनिटांची फिल्म लावायची आहे. एका रात्रीत हे कसं सोडवू? सुरुवात कुठून करू?

उत्तर:

टाइमलाइन उघडू नका. आधी प्रत्येक क्लिपची खरी वेळ शोधा. रात्रीचा अर्धा वेळ त्यात गेला तरी जाऊ द्या, कारण क्रम पक्का लागल्यावर पंधरा मिनिटांची फिल्म उरलेल्या वेळात नक्की होते. क्रम न लावता क्लिपा ओढायला लागलात, तर पहाटे कधीतरी लक्षात येईल की मंगळसूत्र घालतानाचं फुटेज कुठेच नाही. आणि त्या वेळी फोन उचलायला कुणी जागं नसेल.

अशाच एका रात्रीचं काम सविस्तर सांगते. तुमचा गुंता त्याच जातीचा दिसतोय.

मी अकलूजच्या एका स्टुडिओत एडिटिंग करते. लग्नसराई चालू होती, मालक आणि मुलं शूटवर, स्टुडिओत मी एकटीच. दिवेलागणीला माळशिरसकडच्या एका गावातून नवरदेवाचा थोरला भाऊ हार्ड डिस्क घेऊन आला. लग्न परवाच झालेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सत्यनारायण, संध्याकाळी रिसेप्शन, एलईडी वॉलचा ॲडव्हान्सही देऊन झालेला. शूटिंग दुसऱ्या गावच्या माणसानं केलं होतं. पैशावरून वाजलं आणि त्यानं सगळं एका फोल्डरमध्ये ओतून डिस्क यांच्या हातात दिली.

"ताई, ह्यात सगळं हाय. तुमी फकस्त लावून द्या," एवढंच त्याचं म्हणणं. चेहऱ्यावर दोन रात्रींचं जागरण दिसत होतं.

मी डिस्क लावली आणि पहिलं काम केलं ते कॉपी करण्याचं. गिऱ्हाइकाच्या डिस्कवर थेट काम कधीही करायचं नाही, कारण बहुतेक वेळा जगात तेवढी एकच प्रत उरलेली असते. फुटेज साधारण ३८० जीबी होतं. अशी छोटी डिस्क सेकंदाला शंभर एमबीच्या आसपास देते, म्हणजे तासभर तरी जाणार. तो तास मोकळा बसून घालवायचा नसतो. मी दादांना चहा दिला, लग्नपत्रिका मागितली आणि कागद पुढे घेतला.

कॅमेरे किती होते? दोन. एक स्टँडवर, एक हातात "हलवत फिरणारा", म्हणजे गिंबलवर. ड्रोन फक्त मिरवणुकीला. नवरीनं साडी कितीदा बदलली? हळदीला एक, अक्षतांना मामाकडची पिवळी, विधी झाल्यावर सासरचा शालू. परण्या किती वाजता निघाला? वरात कुठून कुठे? पत्रिकेत मुहूर्त १२ वाजून ३५ मिनिटांचा होता. दादा म्हणाले, अक्षता पडल्या तेव्हा एक वाजत आला होता. ही माहिती सोन्यासारखी असते, कारण पत्रिकेवरचा मुहूर्त आणि खऱ्या अक्षता यांत आपल्याकडे नेहमीच अंतर पडतं.

मग मी कागदावर उभा क्रम लिहिला: हळद, परण्या, अक्षता, हार, पंगत, विधी, झाल, पाठवणी, वरात, माप ओलांडणं. तुमच्याकडच्या घरी विधी अक्षतांच्या आधी असतील, सीमांतपूजन आदल्या रात्री असेल, तर क्रम तसा. हा क्रम पुस्तकातून घेऊ नका, त्या घरातल्या माणसाकडून घ्या. समाज आणि गाव बदललं की तो बदलतो.

या क्रमाचा उपयोग असा, की घड्याळ खोटं बोललं तरी नवरीच्या अंगावरच्या खुणा खऱ्या वेळा सांगतात. गळ्यात हार नाही, मंगळसूत्र नाही: अक्षतांच्या आधी. हार आहे, मंगळसूत्र नाही: अक्षता आणि विधी यांच्या मधला वेळ. मंगळसूत्र आहे, साडी अजून पिवळी: विधी चालू. शालू नेसलेली: झालीच्या सुमाराचं. सगळ्यांत जास्त गफलत होते ती परण्या आणि वरातीत, कारण दोन्हींत घोडा, बँड आणि नाचणारी पोरं तीच असतात. तिथे नवरी शेजारी आहे का एवढंच पाहायचं. परण्यात नवरदेव एकटा असतो. ड्रोनला आवाज नसतो आणि त्याचे शॉट्स वरून घेतलेले, त्यामुळे ते तर मी केवळ याच खुणेवर दोन ढिगांत टाकले आणि पुढे गेले.

कॉपी संपली, फोल्डर उघडला. C0001.MP4, त्याखाली C0001 (2).MP4, मग C0002, C0002 (2), असं खालपर्यंत. पाहणाऱ्याला वाटतं एकच फाइल दोनदा आली. दादांनी तर विचारलंच, "डबल हायत त्या उडवू का?" त्या माणसानं कॉपी करताना, दोन्ही फाइली ठेवायच्या का असं विंडोजनं विचारल्यावर, होय म्हटलं होतं. त्यामुळे दुसऱ्या कॅमेऱ्याच्या फाइलींना हा आकडा चिकटला. तिथे Replace दाबलं असतं तर एक आख्खा कॅमेरा नाहीसा झाला असता. म्हणून नियम साधा: नाव सारखं दिसलं तरी लांबी आणि आकार जुळल्याशिवाय कुठलीही फाइल जुळी समजू नका.

पण (2) म्हणजे दुसरा कॅमेरा असं सरसकट धरणंही धोक्याचं, कारण पहिल्या कॅमेऱ्यात नसलेला आकडा दुसऱ्याकडून आला तर त्याला (2) लागतच नाही. दोन्ही कॅमेरे सोनीचे होते. सोनी प्रत्येक क्लिपसोबत C0001M01.XML अशी छोटी फाइल लिहितो. पुष्कळ जण ती कचरा समजून उडवतात. ती नोटपॅडमध्ये उघडली की आत modelName दिसतं, CreationDate मध्ये क्लिप सुरू झाल्याची वेळ असते आणि Duration मध्ये एकूण फ्रेम. इथे दोन कॅमेऱ्यांची मॉडेलं वेगळी होती, म्हणून modelName पाहून मी त्यांना अ आणि ब अशा दोन फोल्डरांत वेगळं केलं. त्याच फाइलीत सीरिअल नंबरची जागाही असते, पण प्रत्येक कॅमेरा तिथे खरा नंबर लिहितोच असं नाही. दोन्ही कॅमेरे एकाच मॉडेलचे असतील तर मग चित्र पाहूनच वेगळं करावं लागतं: स्टँडवरचं स्थिर, गिंबलवरचं तरंगतं.

आता वेळ. अ कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर होतं. पहिल्या क्लिपमध्ये कार्यालयाच्या भिंतीवरचं घड्याळ दिसलं आणि ते एक्सएमएलमधल्या वेळेशी जुळलं. ब कॅमेऱ्याच्या सगळ्या क्लिपा मात्र १ जानेवारी २०२० च्या मध्यरात्रीनंतरच्या. आणि तारखेप्रमाणे लावल्या की एक हळदीची, एक सप्तपदीची, मध्येच वरातीची, परत हळदीची. तुमच्याकडेही नेमकं हेच झालेलं असावं.

याचं कारण कॅमेऱ्याच्या पोटात आहे. मोठी बॅटरी काढली तरी घड्याळ चालू राहावं म्हणून आत एक छोटी चार्ज होणारी बॅटरी असते. ती मेली की मोठी बॅटरी बदलताच घड्याळ कारखान्यातल्या तारखेवर जातं. कॅमेरा तारीख विचारतो, घाईतला माणूस ती स्क्रीन बंद करून शूट सुरू करतो. दिवसात बॅटरी दोनदा बदलली तर त्या एका दिवसात तीन मध्यरात्री होतात. म्हणून तारखेप्रमाणे लावल्यावर हळद, विधी आणि वरात एकमेकांत शिरतात.

सुटका फाइलीच्या नंबरात आहे. घड्याळ मागे गेलं तरी नंबर पुढेच जात राहतो. ब फोल्डर नावाप्रमाणे लावा आणि वेळेच्या रकान्यावरून नजर खाली नेत जा. वेळ वाढत वाढत जाते आणि एका ठिकाणी एकदम मागे पडते. तिथे बॅटरी बदलली. इथे C0001 ते C0026 पहिला तुकडा, C0027 ते C0041 दुसरा, C0042 पासून तिसरा. एका तुकड्याच्या आत घड्याळ चुकीचं असलं तरी सारख्याच फरकानं चुकीचं असतं. म्हणजे प्रत्येक तुकड्यासाठी एकच क्षण दोन्ही कॅमेऱ्यांत सापडला की तुकडाभर वेळ दुरुस्त होते.

क्षण धारदार हवा. "सगळे नाचत होते" हा क्षण नाही. अंतरपाट खाली गेला, हा क्षण आहे. अ कॅमेऱ्याची C0041 ही क्लिप १२:३६:३० ला सुरू झालेली आणि तिच्यात १९ मिनिटं ५ सेकंदांवर अंतरपाट जातो, म्हणजे १२:५५:३५. ब कॅमेऱ्याची C0019 त्याच्या घड्याळाप्रमाणे ०४:०६:२८ ला सुरू झालेली, अंतरपाट ५ मिनिटं २ सेकंदांवर, म्हणजे ०४:११:३०. वजाबाकी केली: ८ तास ४४ मिनिटं ५ सेकंद. पहिल्या तुकड्याच्या प्रत्येक वेळेत एवढे मिळवायचे.

मिळवण्याआधी उत्तराची एक परीक्षा घ्यायची. ब कॅमेऱ्याची मध्यरात्र म्हणजे खरी सकाळचे पावणेनऊ. दादांना विचारलं, हळदीचं शूटिंग किती वाजता सुरू झालं? "नऊला. फोटोवाला पावणेनऊला आला, नाष्टा बी केला नव्हता." जुळलं. ही परीक्षा सोडू नका, कारण दोन वेगळे क्षण एकच समजून वजाबाकी केली तर उत्तर तेवढंच अचूक दिसतं आणि आख्खा तुकडा चुकीच्या जागी जातो.

हे सगळं मी एक्सेलच्या साध्या शीटमध्ये केलं: कॅमेरा, फाइलीचं नाव, सुरू होण्याची वेळ, लांबी, फरक, खरी वेळ. शेवटच्या रकान्यावर लावलं की दिवस उलगडतो. इथे एक सांगून ठेवते. एक्सएमएल नसेल आणि एक्सप्लोररमधली Date modified वापरणार असाल, तर ती वेळ क्लिप संपल्याची असते, सुरू झाल्याची नसते. स्टँडवरच्या कॅमेऱ्याची वीस मिनिटांची क्लिप त्यामुळे तिच्या पोटातल्या गिंबलच्या पाच छोट्या क्लिपांच्या खाली जाऊन बसते. वेळेतून क्लिपची लांबी वजा करा, मगच लावा. Date created तर बघूच नका; ती कॉपी केल्याची वेळ असते. आणि एखाद्या मोबाईलच्या किंवा कॅमेऱ्याच्या सगळ्याच क्लिपा बरोबर साडेपाच तासांनी सरकलेल्या दिसल्या तर घड्याळ बिघडलेलं नाही, कुणीतरी भारतीय वेळ आणि जागतिक वेळ यांत गल्लत केलेली आहे. साडेपाच तासच मिळवा किंवा काढा.

तिसऱ्या तुकड्याचा क्षण एका पुतण्याच्या मोबाईलनं दिला. त्याच्या क्लिपच्या नावातच तारीख आणि वेळ होती आणि वरातीतली फटाक्यांची पहिली माळ दोन्हींत पेटते. अडलं ते दुसऱ्या तुकड्यावर. ब कॅमेऱ्यात मंगळसूत्र आहे, पण फक्त काही सेकंद आणि तेही करवलीच्या खांद्यावरून. तोच क्षण अ कॅमेऱ्यात शोधायला गेले तर अ कॅमेऱ्यात तो वेळच नाही. हार घालून झाले, अभिनंदनं झाली, आणि पुढची क्लिप थेट सप्तपदीनंतरची. दादा माझ्यामागे उभे होते. "मंगळसूत्र घेतलंच न्हाई का त्यानं?"

या ठिकाणी रडायचं नाही, नंबर मोजायचे. घड्याळात खंड आहे पण नंबर सलग आहेत, तर शूट झालंच नाही, शोधण्यात अर्थ नाही. नंबरातच खंड असेल तर फाइल जन्माला आली होती आणि वाटेत कुठेतरी राहिली. अ कॅमेऱ्यात C0043 नंतर एकदम C0046 होती. आणि फोल्डरमध्ये C0044M01.XML आणि C0045M01.XML या दोन्ही छोट्या फाइली होत्या, त्यांचे व्हिडिओ मात्र नव्हते. म्हणजे कॅमेऱ्यानं रेकॉर्ड केलं होतं, कॉपी होताना दोन व्हिडिओ राहिले.

का राहिले, तेही त्याच फाइलींनी सांगितलं. Duration मध्ये पहिल्यासाठी २४,१५० फ्रेम, दुसऱ्यासाठी १८,९००. सेकंदाला पंचवीस फ्रेमच्या हिशेबानं सोळा मिनिटं सहा सेकंद आणि बारा मिनिटं छत्तीस सेकंद. त्या कॅमेऱ्याचा बिटरेट पन्नास मेगाबिट होता; त्या बिटरेटला ४ जीबी साधारण साडेअकरा मिनिटांत भरतात. मग मी C0042 पासूनच्या सगळ्या क्लिपांच्या लांब्या पाहिल्या. साडेअकरा मिनिटांहून लांब एकही नाही. त्याआधीच्या कार्डावर मात्र एकवीस मिनिटांची क्लिप व्यवस्थित आलेली. म्हणजे दुसरं कार्ड डिस्कवर थेट आलंच नव्हतं. ते आधी पेनड्राइव्हवर गेलं, पेनड्राइव्ह फॅट३२ चा होता, आणि फॅट३२ वर ४ जीबीहून मोठी एक फाइल बसतच नाही. विंडोज तसं सांगतो, माणूस Skip दाबतो आणि बाकीचं कॉपी होत राहतं.

रात्रीचे साडेदहा झाले होते. दादांचं त्या फोटोवाल्याशी बोलणं बंद, म्हणून फोन मी लावला. "तुमचं काहीतरी राहिलंय" असं म्हटलं असतं तर "सगळं दिलंय" असं उत्तर आलं असतं आणि फोन ठेवला गेला असता. मी म्हटलं, "भाऊ, तुमच्या स्टँडवरच्या कॅमेऱ्याच्या दुसऱ्या कार्डावर C0044 आणि C0045 आहेत, एक सहा जीबीची, एक पावणेपाचची. पेनड्राइव्हनं घेतल्या नाहीत. कार्ड फॉरमॅट केलं का?" तिकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाला, "उद्याच्या शूटला करणार होतो. या, घेऊन जा." दादांनी गाडीला किक मारली. अशा फोनमध्ये दोषाचा शब्द काढू नये. आपल्याला कार्ड हवं असतं, आणि ते त्याच्या हातात असतं.

कार्ड आलं, दोन्ही क्लिपा मिळाल्या. C0044 दुपारी १४:०२:१० ला सुरू झालेली, मंगळसूत्र ९ मिनिटं ४० सेकंदांवर, म्हणजे १४:११:५०. ब कॅमेऱ्याची C0031 त्याच्या घड्याळात ००:२१:१५ ला सुरू, तोच क्षण १ मिनिट ५ सेकंदांवर, म्हणजे ००:२२:२०. फरक १३ तास ४९ मिनिटं ३० सेकंद. बॅटरी दुपारी पावणेदोनच्या पुढे बदलली, म्हणजे पंगत चालू असताना. तिन्ही तुकडे बसले. साडेबाराच्या आत शीट पूर्ण झाली आणि मग मी पहिल्यांदा एडियस उघडलं.

कार्ड फॉरमॅट झालं असतं तर? त्यावर पुढे काही शूट केलेलं नसेल तोवर रिकव्हरी सॉफ्टवेअरनं काही मिळू शकतं, पण मोठे व्हिडिओ कार्डावर तुकड्या-तुकड्यांत पडलेले असतील तर अर्धवट निघतात, आणि निघालेल्या फाइलींना मूळ नाव उरत नाही. एका रात्रीच्या कामात त्यावर भरवसा ठेवू नका. ब कॅमेऱ्यातले काही सेकंद आणि एखाद्या पाहुण्याचा मोबाईल यांवर तो प्रसंग उभा करावा लागला असता, आणि घरच्यांना तसं स्पष्ट सांगावं लागलं असतं.

घड्याळानं कॅमेरे एक-दोन सेकंदांच्या आत येतात. बहुतेक प्रसंगांना एवढं पुरतं, कारण तिथे एका कॅमेऱ्यावरून दुसऱ्यावर जाताना तोंडातला शब्द जुळावा लागत नाही. मंगलाष्टकांना लागतो. तिथे सॉफ्टवेअरला आवाजावरून जुळवायला लावलं की ते कधी कधी एक आख्खं कडवं पुढे-मागे बसवतं. प्रत्येक कडव्याच्या शेवटी तेच "सावधान", तोच ठेका, त्याच्यामागून तोच बँडचा फटका; यंत्राला ते सारखंच ऐकू येतं. म्हणून आधी शीटमधल्या वेळेनं क्लिपा जवळ आणा आणि मग आवाजाच्या रेषेतला एखादा एकटा उंच सुळका पकडून हातानं जुळवा. कुणाचं तरी खुर्ची आपटणं सुद्धा चालतं.

तरीही ओठ हलकेच मागे-पुढे वाटले तर आवाजाच्या वेगाचा विचार करा. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. पंचवीस फ्रेमच्या टाइमलाइनवर एक फ्रेम म्हणजे चाळीस मिलिसेकंद, म्हणजे साडेतेरा मीटरला एक फ्रेम उशीर. अ कॅमेरा कार्यालयाच्या शेवटी होता, ब स्टेजच्या स्पीकरशेजारी. आवाज तंतोतंत जुळवला तर चित्र तीन फ्रेम सरकलेलं राहतं. मी शेवटची जुळणी अंतरपाटाच्या काठावर केली: कापड ज्या फ्रेमला नवरीच्या कपाळाखाली येतं, ती फ्रेम दोन्हींत एक. आणि आवाज एकाच कॅमेऱ्याचा ठेवला, पहिल्या कडव्यापासून अक्षता पडेपर्यंत सलग. चित्र कितीही वेळा बदला, मंगलाष्टकांचा आवाज मध्ये तोडू नका. बघणाऱ्याला चित्रातला कट खटकत नाही, सुरातला लगेच कळतो.

मोबाईलच्या क्लिपांचा एक वेगळा त्रास असतो. मोबाईल उजेडाप्रमाणे फ्रेमचा वेग कमी-जास्त करतो, त्यामुळे क्लिपच्या सुरुवातीला जुळलेला आवाज दोन मिनिटांनी सुटतो. टाइमलाइनवर ओढाताण करण्यापेक्षा आधी वेग स्थिर करून घ्या:

```
ffmpeg -i mobile.mp4 -vf fps=25 -c:v libx264 -crf 16 -c:a pcm_s16le -ar 48000 mobile_25.mov
```

सगळ्या क्लिपांवर हे करत बसू नका, ज्यांचा आवाज वापरायचा आहे त्यांच्यावरच करा. व्हॉट्सॲपवरून आलेल्या क्लिपांच्या नावात तारीख असते पण वेळ नसते, आणि चित्र आधीच दाबलेलं असतं. मोठ्या पडद्यावर ते फुटतं. रात्री अकराला मी दादांकरवी दोन भावंडांना फोन करवला आणि तीच क्लिप डॉक्युमेंट म्हणून पाठवायला लावली. आजीनं नवरदेवाच्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली, तो प्रसंग फक्त अशाच एका मोबाईलमध्ये होता. दोन्ही कॅमेरे त्या वेळी बँडकडे वळलेले.

यापुढची एडिटिंग तुम्हाला येतेच, तिच्यावर फार लिहीत नाही. पंधरा मिनिटांत सगळे विधी बसत नाहीत आणि बसवूही नका. मी मंगलाष्टकांची शेवटची दोन कडवी, मंगळसूत्र, कानपिळी आणि पाठवणी यांना मोकळा वेळ दिला. हळद आणि वरात प्रत्येकी दीड-दोन मिनिटांत उरकली. पंगतीतून फक्त विहिणींचा घास घेतला. रंग जुळवण्यात रात्र घालवली नाही. दोन कॅमेऱ्यांचा पांढरा रंग तेवढा एकसारखा केला, कारण शेजारी-शेजारी आल्यावर पिवळी साडी एकात लिंबासारखी आणि दुसऱ्यात नारिंगी दिसत होती.

दादा बाकावर झोपले होते. पहाटे त्यांना उठवलं आणि माणसं ओळखून घेतली. परक्या एडिटरकडून हे हमखास राहून जातं: फिल्ममध्ये कोण आलंच पाहिजे. नवरीचा मामा एकदाही नीट दिसत नव्हता. शीटमध्ये अक्षतांच्या आधीची वेळ पाहिली, ब कॅमेऱ्याच्या C0018 मध्ये तो तिला हाताला धरून आणताना सापडला. लगेच सापडला, कारण कुठे पाहायचं ते ठाऊक होतं. दादांनी अजून एक गोष्ट सांगितली: गेल्या वर्षी वारलेल्या चुलत्यांचा हार घातलेला फोटो देवघराच्या भिंतीवर होता, तो माप ओलांडताना मागे दिसला पाहिजे. तो शॉट दोन सेकंद लांबवला.

फाइल काढताना एलईडी वॉलवाल्याला आधी विचारा, तो कशावरून चालवणार. आमच्याकडे तो पेनड्राइव्हवरून चालवणार होता, म्हणून १०८०, पंचवीस फ्रेम, एच.२६४ आणि सोळा मेगाबिट एवढं ठेवलं. पंधरा मिनिटांना पावणेदोन-दोन जीबी, म्हणजे कुठल्याही पेनड्राइव्हवर बसणारी. दोन पेनड्राइव्ह दिले, एक दादांच्या खिशात, एक वहिनींच्या पर्समध्ये ठेवायला सांगितला. त्यांच्या मूळ डिस्कवर आलेल्या दोन क्लिपा टाकल्या आणि एक्सेलची शीट छापून डिस्कच्या डब्यात घातली, कारण तीन तासांची पूर्ण फिल्म नंतर करायची होती आणि ती माझ्याकडेच येईल असं नाही.

तुमच्या बाबतीत आज रात्री सुरुवात अशी करा: डिस्क कॉपीला लावा, आणि कॉपी होईपर्यंत प्रत्येक कॅमेऱ्याच्या फाइली नावाप्रमाणे लावून वेळ कुठे मागे पडते आणि नंबर कुठे तुटतो ते दोन्ही लिहून काढा. नंबर तुटलेला दिसला तर कार्ड कुणाकडे आहे ते विचारा, आणि फोन दहाच्या आत लावा. नंबरही प्रत्येक कार्डाला पुन्हा १ पासून सुरू झालेले असतील, तर मात्र घड्याळाचा हा मार्ग चालत नाही. तिथे साडी, हार आणि मंगळसूत्र पाहून ढीग लावा, आणि घरातला एक माणूस शेजारी बसवून घ्या.